शंकूची सावली आणि घराची दिशा

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की काही मिनिटांत नया नगर लागतं. मिठागरं आणि खाडीकाठची दलदल भरून गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत उभी राहिलेली ही वस्ती मुख्यतः मुसलमान कुटुंबांची आहे. थोडं पुढे शांती नगरच्या बाजूला गुजराती, मारवाडी, जैन, मराठी घरं सुरू होतात. इमारती एकाच धाटणीच्या, चार-सात मजल्यांच्या आणि एकमेकींना खेटून उभ्या. दोन्हीकडे फ्लॅट विकत घेताना कुटुंबं दिशेचा प्रश्न विचारतात. एका घरात विचारतात, "दरवाजा पूर्वेला आहे का, स्वयंपाकघर आग्नेयेत येतं का?" दुसऱ्या घरात विचारतात, "किब्ला कुठल्या भिंतीकडे येतो?" पहिल्या घरी वास्तुतज्ज्ञ होकायंत्र घेऊन येतो, दुसऱ्या घरी मोबाईलवरचं किब्ला दाखवणारं अॅप उघडलं जातं. दोन्हीकडचे लोक ज्या सुईवर विसंबतात ती एकच, आणि सिमेंट-लोखंडाच्या इमारतीत ती दोघांनाही सारखीच फसवते.

वास्तुशास्त्रावर बोलताना लोक थेट ऊर्जेपासून सुरुवात करतात. ईशान्येकडून अमुक शक्ती येते, नैऋत्येत ती साठते, वगैरे. मला वाटतं, त्याच्या आधीची एक पायरी आहे आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. ज्या दिशेवर हा सगळा डोलारा उभा आहे ती दिशा मुळात सापडते कशी? जुन्या ग्रंथकारांनी याला पहिलं स्थान दिलं होतं. त्यांची रीत इतकी साधी आणि नेमकी आहे की आजही नया नगरच्या कुठल्याही गच्चीवर ती करून पाहता येते.

आधी होकायंत्राचं बघू. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात जगात काही ठिकाणी वीस-वीस अंशांचा फरक असतो. मुंबई परिसर त्या बाबतीत नशीबवान आहे, कारण इथे हा फरक एका अंशापेक्षाही कमी आहे. उघड्या मैदानात, खांब आणि गाड्यांपासून लांब धरलं, तर चांगलं होकायंत्र इथे खरी उत्तरच दाखवतं. घोटाळा होतो तो घरात. आपल्या फ्लॅटच्या स्लॅबमध्ये, खांबांत आणि तुळयांत लोखंडी सळयांची जाळी असते. खिडकीला ग्रिल, दाराला सेफ्टी डोअर, कोपऱ्यात गोदरेजचं कपाट, भिंतीत विजेच्या तारा. होकायंत्र फरशीवर ठेवलं तर सुई एक दाखवते, छातीच्या उंचीवर धरलं तर दुसरं, आणि खांबाजवळ नेलं तर तिसरंच.

हे ओळखायचं कसं, तेही सोपं आहे. भिंत सरळ आहे हे आपल्याला माहीत असतं. होकायंत्र कमरेच्या उंचीवर धरायचं, त्याची कड भिंतीला समांतर ठेवायची आणि भिंतीला धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालायचं. आकडा तोच राहायला हवा. चालता चालता तो दहा-पंधरा अंशांनी हलला, तर त्या खोलीत सुई उत्तर दाखवत नाही, लोखंड दाखवते आहे. मोबाईलमधलं होकायंत्रही आतल्या चुंबकीय संवेदकावरच चालत असल्यामुळे त्याला हाच रोग असतो.

या बाबतीत मुंबईचाच एक जुना दाखला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने ही नाजूक उपकरणं बिघडलेली मोजमापं देणार, हे तिथल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला हलवली. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या, आणि दोन्ही ठिकाणच्या आकड्यांचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे नोंदी घेतल्या गेल्या. अलिबागची इमारतही लोखंड टाळून बांधली गेली. चुंबकाची सुई खरं बोलावी म्हणून एवढा खटाटोप करावा लागतो. आपण मात्र ती सुई सळयांच्या जाळीवर ठेवतो आणि तिच्या शब्दावर स्वयंपाकघराचा ओटा फोडतो.

वास्तुग्रंथांच्या काळी होकायंत्र नव्हतं, होता शंकू. शंकू म्हणजे सरळ उभी रोवलेली लाकडी खुंटी. दक्षिणेतल्या 'मयमत' या ग्रंथात तिची रीत दिली आहे, आणि यज्ञवेदी मांडण्यासाठी तीच रीत त्याच्या कितीतरी आधीच्या शुल्बसूत्रांत आहे. जमीन पाण्याने सपाट करून घ्यायची, म्हणजे पाणी ओतल्यावर ते कुठल्याही एका बाजूला धावता कामा नये. मधोमध खुंटी रोवायची आणि ती ओळंब्यात आहे याची खात्री करायची. खुंटीच्या उंचीइतकी दोरी घेऊन तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सूर्य खाली असतो तेव्हा सावली लांब, वर्तुळाबाहेर पडलेली असते. ऊन चढतं तशी ती आखडत जाते, आणि एका क्षणी तिचं टोक वर्तुळाला आतल्या बाजूला ओलांडतं. तिथे खूण करायची. दुपारनंतर सावली पुन्हा लांबू लागते आणि दुसऱ्या बाजूने वर्तुळ ओलांडून बाहेर पडते. तिथे दुसरी खूण. या दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. मग दोन्ही खुणांवरून दोरीने मोठे कंस काढले की ते दोन ठिकाणी छेदतात, मधे माशासारखा आकार तयार होतो, आणि माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंतची रेघ उत्तर-दक्षिण होते.

मीरा रोडला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हे करायचं म्हटलं, तर पहिली खूण सकाळी दहाच्या सुमारास आणि दुसरी साडेतीनच्या सुमारास मिळते. सावली खुंटीच्या उंचीइतकी होते ती सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना, आणि या दोन वेळी तो तिथे असतो. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीही सूर्य इथे ४७ अंशांच्या वर फारसा जात नाही. सावली वर्तुळाच्या आत जेमतेम शिरते आणि लगेच बाहेर येते. दोन्ही खुणा इतक्या जवळ पडतात की रेघ विश्वासाची राहत नाही. त्या दिवसांत वर्तुळ मोठं काढावं. दुसरी एक बारीक चूक या रीतीतच आहे. सकाळ ते दुपार या वेळात सूर्य उत्तर-दक्षिण असाही थोडा सरकलेला असतो, त्यामुळे रेघ किंचित तिरपी येते. मार्चमध्ये ती सर्वांत जास्त, तरीही एका अंशाच्या अगदी थोड्या भागाइतकीच. तेवढ्यासाठीसुद्धा मयमतात महिन्यामहिन्याची दुरुस्ती दिलेली आहे. घर बांधणाऱ्याला एवढ्या बारकाव्याची गरज नसते. तरीही ज्यांनी तो लिहून ठेवला त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो, कारण आपल्या पद्धतीची चूक कुठे आहे ते त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ती लपवली नाही.

आता किब्ला. मक्केतल्या काबाकडे तोंड करून नमाज पढायचा, तर नया नगरहून ती दिशा नेमकी कुठली? भारतातल्या अनेक जुन्या मशिदी सरळ पश्चिमेकडे तोंड करून बांधलेल्या आहेत, आणि 'मक्का पश्चिमेला' हे वाक्य आपणही सहज बोलतो. मक्का साधारण २१.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, मीरा रोड १९.३ अंशांवर. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग नकाशावरच्या सरळ रेघेसारखा नसतो, तो इथून निघताना उत्तरेकडे आणखी थोडा वळतो. गोलाच्या त्रिकोणमितीने हिशेब केला तर मीरा रोडहून किब्ला पश्चिमेपासून जवळपास १० अंश उत्तरेला येतो आणि अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. शंकूने पश्चिमेची रेघ काढलेली असेल, तर त्या रेघेवर दहा फूट जायचं आणि तिथून उत्तरेकडे जवळपास पावणेदोन फूट सरकायचं. खुंटीपासून त्या बिंदूकडे जाणारी रेघ म्हणजे किब्ला.

याहून सोपी वाटही आहे. वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर काबाच्या डोक्यावर येतो, मे महिन्याच्या २७-२८ तारखेला आणि जुलैच्या १५-१६ तारखेला. आपल्या घड्याळात तेव्हा मे महिन्यात दुपारचे २ वाजून ४८ मिनिटं आणि जुलैत २ वाजून ५७ मिनिटं झालेली असतात. त्या क्षणी जिथे जिथे सूर्य दिसतो, तिथल्या उभ्या काठीची सावली काबाच्या बरोबर उलट दिशेला पडते. जुलैत मीरा रोडवर ढगांमुळे काही दिसत नाही, पण मेअखेरीस ऊन हमखास असतं. सूर्य तेव्हा ५९ अंश वर असतो, त्यामुळे फूटभर काठीची सावली सातेक इंच पडते. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुंध्याकडे पाहिलं की समोर किब्ला.

आपल्या अक्षांशाची एक खास सोय इथे उपयोगी पडते. मेअखेरीस इथे सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेकडून जातो आणि मग पश्चिमेला उतरताना बराच वेळ जवळजवळ एकाच दिशेत सरळ खाली येत राहतो. पावणेदोनपासून पावणेचारपर्यंत तो किब्ल्याच्या दोन अंशांच्या आतच असतो. घड्याळ दहा मिनिटं चुकलं, खूण करायला उशीर झाला, किंवा दिवस एकदोन मागेपुढे झाला, तरी फारसं बिघडत नाही. मशिदीत ज्या रांगांत लोक उभे राहतात त्या सफ, आणि घरात जानमाज अंथरायची जागा, हे दोन्ही त्या सावलीवरून आखता येतं. भिंती रस्त्याला समांतर बांधलेल्या असतात आणि मीरा रोडचे रस्ते रेल्वेच्या आणि भूखंडांच्या रेघांवरून आखले गेले. त्यामुळे कितीतरी घरांत जानमाज भिंतीशी तिरकी पडते. ती तिरकीच असायला हवी. फिकहच्या जाणकारांनी दूरच्या माणसाला नेमक्या बिंदूऐवजी दिशेची मुभा दिली आहे, तेव्हा दहा अंशांनी नमाज बिघडत नाही. पण ज्याला नेमकेपणा हवा आहे त्याला तो एका काठीत मिळतो.

शंकू आणि सावलीचं हे गणित दोन्ही परंपरांत किती जवळचं आहे, हे अल-बिरूनीच्या कामात दिसतं. १०२५ मध्ये त्याने गझनीहून किब्ला नेमका कुठे येतो हे काढण्यासाठी एक पूर्ण ग्रंथ लिहिला. त्याच माणसाने भारतावरच्या आपल्या ग्रंथात वराहमिहिराचा आधार वारंवार घेतला आहे. हा वराहमिहिर म्हणजे सहाव्या शतकातला उज्जैनचा ज्योतिषी. त्याच्या 'बृहत्संहिते'तल्या वास्तुविद्येच्या अध्यायाला वास्तुशास्त्रातल्या सर्वांत जुन्या सविस्तर लेखनांत स्थान आहे.

वास्तुशास्त्रात दिशा मिळाली की मग मंडल येतं. घराच्या जागेचे नऊ उभे आणि नऊ आडवे असे ८१ समान चौकोन करायचे, त्यांना पदं म्हणतात. मंदिरासाठी आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ पदंही घेतात. ८१ पदांच्या मंडलात मधली नऊ पदं ब्रह्माची. बाकीची एकूण ४४ देवतांत वाटलेली. या सगळ्या जागेवर वास्तुपुरुष पालथा पसरलेला आहे, डोकं ईशान्येत आणि पाय नैऋत्येत. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे त्याची मर्मं, आणि मर्मावर खांब किंवा भिंत येऊ नये असा नियम.

दरवाजाचा प्रश्न इथे सुटतो. ८१ पदांच्या चौकटीच्या कडेला ३२ पदं येतात, आणि दार त्यांपैकी कुठल्या पदात पडतं त्यावर ग्रंथ फळ सांगतो. घराची पूर्वेकडची भिंत २७ फूट असेल तर एक पद तीन फुटांचं. ईशान्य कोपऱ्यापासून मोजत गेलं की तिसरं आणि चौथं पद शुभ, म्हणजे सहा फुटांपासून बारा फुटांपर्यंतचा पट्टा. सगळी मोजणी भिंतीच्या लांबीवर चालते.

आजचे बरेच वास्तुसल्लागार हे वेगळ्या तऱ्हेने करतात. घराच्या मध्यबिंदूवर उभं राहून ३६० अंशांचे ३२ भाग पाडतात, प्रत्येक भाग ११.२५ अंशांचा, आणि दार कुठल्या भागात पडतं ते बघतात. दोन्ही पद्धती एकच उत्तर देतील असं वाटतं, पण तसं होत नाही. चौकोनी घराच्या मध्यावरून पाहिलं तर भिंतीच्या मधलं तीन फुटांचं पद जवळपास १३ अंश व्यापतं, आणि कोपऱ्याच्या शेजारचं तेवढंच पद नऊ अंशसुद्धा व्यापत नाही. त्यामुळे एकाच दाराला एका रीतीने एक देवता आणि दुसऱ्या रीतीने दुसरी, असं होऊ शकतं. त्यातच सुई सळयांमुळे पंधरा अंशांनी हललेली असेल, तर आख्खा एक भाग चुकतो. मग दोन सल्लागार एकाच दाराबद्दल उलट बोलतात आणि घरातले लोक घाबरतात. त्यांनी दोन प्रश्न विचारावेत: दिशा कशावरून काढली, आणि भाग लांबीने पाडले की अंशांनी? याचं नीट उत्तर न देता कुणी भिंत फोडायला सांगत असेल, तर ती भिंत राहू द्यावी.

फ्लॅटची अडचण आणखी वेगळी आहे. मंडल ज्या घरासाठी आखलं गेलं ते जमिनीवर स्वतंत्र उभं असलेलं, चारही बाजूंनी मोकळं आणि मधे उघडा चौक असलेलं घर होतं. ब्रह्माची नऊ पदं म्हणजे तो चौक. कोकणातल्या आणि देशावरच्या जुन्या वाड्यांत तो होता, आणि त्यातून उजेड, हवा, पाऊस सगळं घरात उतरत असे. दीड खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मधोमध बहुधा पॅसेज असतो नाहीतर संडासाची भिंत. दार कुठलं धरायचं यावरही एकमत नाही, फ्लॅटचं, इमारतीचं की सोसायटीच्या गेटचं? ग्रंथ याचं उत्तर देत नाहीत, कारण त्यांच्यापुढे हा प्रश्नच नव्हता. वास्तुदोषावर उपाय म्हणून विकले जाणारे प्लास्टिकचे पिरॅमिड, तांब्याच्या पट्ट्या, दारावरचे रंगीत बल्ब यांना बृहत्संहितेत किंवा मयमतात कुठेही जागा नाही.

आता ऊर्जेकडे येऊ. जुने ग्रंथ देवता, मर्म आणि फळ या भाषेत बोलतात: अमुक पदात दार असेल तर धन, अमुक पदात असेल तर अग्निभय. ही श्रद्धेची भाषा आहे आणि तिच्या घरात ती प्रामाणिक आहे. वैश्विक ऊर्जा, चुंबकीय लहरी ही भाषा अलीकडची. भौतिकशास्त्राचे शब्द वापरले की भौतिकशास्त्राची परीक्षाही लागू होते. उत्तरेला डोकं करून झोपलं तर रक्तातलं लोह पृथ्वीच्या चुंबकाकडे ओढलं जातं, असं ठासून सांगितलं जातं. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं आणि ते खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही. मिरा-भाईंदरच्या कुठल्याही एमआरआय केंद्रातल्या नेहमीच्या दीड टेस्ला यंत्रात पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जोरदार क्षेत्र असतं. माणूस त्यात अर्धा तास झोपून चालत बाहेर येतो. उत्तरेला डोकं न करण्याची आपली रूढी मृत्यूच्या विधींशी जोडलेली आहे, आणि ती पाळायची असेल तर त्यासाठी चुंबकाची साक्ष काढायची गरज नाही.

स्वयंपाकघर आग्नेयेत असावं यालाही एक वैज्ञानिक कारण चिकटवलं जातं: धूर वाऱ्याबरोबर बाहेर जातो म्हणून. मीरा रोडपुरतं ते थोडंफार जुळतं, कारण इथे दुपारचा खारा वारा आणि पावसाळी वारा दोन्ही पश्चिमेच्या बाजूने येतात. पण नियम सगळ्या देशाला एकच आहे, आणि वारा सगळीकडे पश्चिमेचा नाही. आग्नेय ही अग्नीची दिशा आहे, म्हणून चूल तिथे. घराच्या कुठल्या बाजूला ऊन लागतं ते मात्र आपल्या आकाशाकडे पाहून ठरवावं. उत्तरेची खिडकी थंड, तिथे ऊन येत नाही, असं आपण गृहीत धरतो. मीरा रोडला मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो. त्या सीमेवरच्या दोन दिवशी तो बरोबर डोक्यावर असतो आणि शंकूची सावली बुंध्यातच गडप होते. मेअखेरच्या कडक उन्हात उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडतं आणि दक्षिणेची भिंत सावलीत असते. पश्चिमेची भिंत पावसाळा सोडला तर वर्षभर संध्याकाळी तापते आणि रात्री ती उष्णता आत सोडते. तिथे राहणाऱ्याला हे ग्रंथाशिवायही कळतं, भिंतीला हात लावला की पुरतं.

जागा माणसावर परिणाम करते यात मला शंका नाही. तो परिणाम कसा होतो हे पाहायचं असेल तर मीरा रोडहून अंबरनाथला जावं. तिथलं शिवमंदिर शके ९८२ मधलं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं. त्याचं मुख्य दार पश्चिमेला आहे, म्हणजे 'देवळाचं दार पूर्वेलाच हवं' हा आजचा सोपा नियम महाराष्ट्रातल्या सर्वांत देखण्या मंदिरांपैकी एकाने पाळलेला नाही. मंदिर भूमिज शैलीचं आहे. या शैलीत गर्भगृहाच्या बाहेरच्या भिंतीचा आराखडा काढायची युक्ती अशी: मध्यबिंदूवर खुंटी, तिच्याभोवती एक चौरस, मग तोच चौरस त्याच खुंटीभोवती थोडा थोडा फिरवत पुन्हा पुन्हा काढायचा. सगळ्या चौरसांचे कोपरे एकाच वर्तुळावर पडतात, आणि बाहेरच्या कडेला ताऱ्यासारखे टोकदार कोन उमटतात. चार मुख्य दिशांना सपाट भाग ठेवून मधल्या जागेत हे कोन बसवतात. पायथ्याला काढलेली ही आकृती तशीच वर चढत जाते, त्यामुळे पायापासून वरपर्यंत उभ्या धारा तयार होतात. दिवसभर सूर्य फिरतो तसा एक एक धार उजळते आणि शेजारची काळवंडते. दगड जागचा हलत नाही, तरी भिंत सकाळी वेगळी आणि दुपारी वेगळी दिसते. शंकूला लागली होती तीच खुंटी आणि तीच दोरी इथे लागते.

आत गेलं की परिणाम आणखी जवळून जाणवतो. बाहेरच्या झगझगीत उन्हातून मंडपात, मंडपातून अरुंद अंतराळात, आणि तिथून पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखालच्या गर्भगृहात. नेहमीच्या देवळात या वाटेवर उजेड प्रत्येक उंबऱ्याला कमी होत जातो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून पाऊल आपोआप मंदावतं. दगडी भिंती आवाज परतवतात, म्हणून माणूस हळू बोलतो. पायऱ्या उतरताना मान खाली जाते. अंबरनाथला शिखर पूर्ण नसल्याने गर्भगृहावर वरून आकाशाचा उजेड पडतो, आणि त्या अंधाऱ्या वाटेनंतर तो फार वेगळा भासतो. याला कुणी ऊर्जा म्हटलं तर मी वाद घालणार नाही. प्रकाश, आवाज आणि शरीराची हालचाल यांवर बांधणाऱ्यांचा किती ताबा होता, एवढं मात्र तिथे स्वतःच्या अंगावर कळतं.

भूमिती आणि सूर्य यांची गाठ दरवर्षी सगळ्यांसमोर तपासली जाते ती कोल्हापूरला. अंबाबाईच्या मंदिरातल्या देवीचं तोंडही पश्चिमेला आहे. नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी मध्यभागापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत येतात असं मानलं जातं. याला किरणोत्सव म्हणतात. दोनच वेळा का, याचं उत्तर आकाशात आहे. या दोन्ही सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या १७ अंश दक्षिणेला असतो, एकदा दक्षिणेकडे जाताना आणि एकदा परत येताना. कोल्हापूरच्या अक्षांशावर तेव्हा तो पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. किरणांची वाट जवळपास तिकडे वळलेली असल्यामुळेच बाकीच्या दिवशी मावळतीचा सूर्य गाभारा गाठू शकत नाही. आणि ही वाट शहरातून जाते. समोरच्या घरांचे वाढलेले मजले, पाण्याच्या टाक्या, फलक, हवेतली धूळ आणि ढग यांतलं काहीही आडवं आलं की किरणं मधेच अडतात. म्हणून कोल्हापुरात किरणोत्सवाच्या आधी या मार्गाचं मोजमाप होतं, अडथळे हटवले जातात, आणि कुठल्या दिवशी किरण कुठवर पोहोचले याची नोंद ठेवली जाते.